जुन्या फोटोतला तंबोरा कुठला? गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

भिंतीवरच्या चौकटीतला, अल्बममधला किंवा देवळाच्या कोठीत सापडलेल्या वाद्याचा फोटो पाठवून "हे कुठलं?" असं विचारणारे निरोप पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळीकडून येतात. त्यातली बहुतेक वाद्यं तंबोरे असतात, म्हणून हे पान मुख्यतः तंबोऱ्याचंच आहे. तंबोऱ्याशी गल्लत होणाऱ्या वाद्यांबद्दलचे दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.

१. नुसता फोटो बघून तंबोरा कुठे बनला हे खरंच सांगता येतं?

प्रांत सांगता येतो, कारखाना बहुधा नाही. आपल्याकडच्या फोटोंत येणारे तंबोरे मुख्यतः तीन घराण्यांचे असतात: मिरज, कोलकाता आणि तंजावर. या तिघांची बांधणी वेगळी असल्यामुळे बऱ्यापैकी स्पष्ट फोटोवरून त्यातलं एक ठामपणे निवडता येतं, किंवा निदान एक तरी बाद करता येतं. "अमुक कारागिराच्या हातचा" असं मात्र फोटोवरून म्हणू नये. तेवढ्यासाठी वाद्य हातात हवं, आणि तरीही दरवेळी उत्तर मिळेलच असं नाही.

बघण्याचा क्रम मी कधी बदलत नाही. आधी बांधणी, मग सामान, सगळ्यात शेवटी नक्षी. बांधणी वाद्याच्या जन्माबरोबर ठरते आणि पुढे सहसा बदलत नाही. पॉलिश, पट्ट्या, खुंट्या, मणी हे सगळं पन्नास वर्षांत दोनदा बदललेलं असू शकतं. लोक नेमकं उलटं करतात. आधी नक्षी बघतात, तिच्यावरून गाव ठरवतात आणि मग बाकी सगळं त्या गावाला जुळवून घेतात.

२. सगळ्यात आधी कुठे बघायचं?

पाठीकडे. खालचा गोल भाग भोपळ्याचा आहे की लाकडाचा, हा पहिला प्रश्न. मिरज आणि कोलकात्याच्या तंबोऱ्याला खरा, वाळवलेला कडू भोपळा असतो. तंजावरच्या तंबुऱ्याला भोपळा नसतो. तिथल्या वीणेसारखाच त्याचा घट फणसाच्या लाकडातून कोरून काढतात.

फोटोत हे ओळखायला रेषा शोधा. लाकडाच्या घटावर शिरा दिसतात, त्या वळणाबरोबर वाकत जातात, आणि घट काटेकोर गोल असतो. भोपळ्यावर शिरा नसतात. भोपळा वेलीवर वाढलेला असल्यामुळे किंचित एका अंगाला झुकलेला, कुठे चेपलेला, कुठे फुगलेला असतो. पॉलिशखाली बारीक डाग आणि खळगेही दिसतात. भोपळ्याला तडा गेला असेल तर तो वेडावाकडा जातो. लाकडाचा तडा शिरेच्या दिशेनं सरळ धावतो.

३. आमच्या फोटोत वाद्य समोरून आहे, पाठ दिसतच नाही. मग काय करायचं?

जुन्या फोटोंत हेच जास्त होतं. तेव्हा तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या पातळ फळीवर, प्रकाश कसा पडलाय ते बघा. उत्तरेकडच्या तंबोऱ्याची तबली मध्यावर किंचित उचललेली असते, त्यामुळे चमक एका अरुंद, वाकड्या पट्ट्यात दिसते आणि कडांकडे विरत जाते. तंजावरची तबली सपाट असते. ती एक तर सगळी एकसारखी उजळते किंवा सगळी एकसारखी काळवंडते.

दुसरी खूण नादछिद्रांची. तबलीवर दोन गोल, जाळीदार फुलं असतील तर दक्षिणेचा विचार आधी करावा. तिसरी खूण घोडी, म्हणजे तबलीवरचा तो आधार जिच्यावरून तारा जातात. मिरजेकडे घोडी हाडाची किंवा शिंगाची, रुंद आणि वरून गोलावलेली. दक्षिणेत लाकडी घोडीवर पितळेची पट्टी बसवलेली बऱ्याचदा दिसते. फोटोत ती तारांखाली झगझगीत ठिपक्यासारखी उमटते.

आणखी एक गोष्ट. भोपळा तबलीच्या मागे फुगत जातो, त्यामुळे समोरून पाहताना तबलीच्या कडेबाहेर दोन्ही अंगांना भोपळ्याची किनार बऱ्याचदा डोकावते. एवढी किनार दिसली तरी अर्धं काम झालं.

४. मिरज आणि कोलकाता, दोघांनाही भोपळाच असतो. मग फरक कसा ओळखता?

जिथे दांडी भोपळ्याला येऊन मिळते त्या सांध्यावर थांबा. फोटो मोठा करून बघायची जागा हीच.

कोलकात्याच्या कामात या सांध्याभोवती लाकडात कोरलेली पानं असतात. पानं उठावाची असतात, त्यांना जाडी असते, त्यामुळे पानाच्या एका कडेला सावली पडते. कोलकात्याचा भर कोरीव कामावर आहे. पॉलिश साधारण गडद, तपकिरीकडे झुकणारं, आणि पांढऱ्या पट्ट्या बेतानंच.

मिरजेच्या कामात भर पृष्ठभागाच्या सजावटीवर. तबलीच्या कडेनं आणि दांडीच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पट्ट्या जातात. त्या पट्ट्यांवर टोकदार हत्यारानं वेलबुट्टी कोरलेली असते आणि कोरलेल्या रेषांत रंग भरलेला असतो. पानं मिरजेच्या सांध्यावरही असतात, पण डोळा आधी पट्ट्यांकडे जातो. भोपळा मोठा, भरदार गोल. रंग नारिंगी-तांबूस, मधाच्या जवळ जाणारा. सावली हीच इथेही कसोटी. रेषांना सावली नसेल आणि त्या शाईनं काढल्यासारख्या सपाट दिसत असतील, तर ते भरलेलं काम आहे.

मिरजेचं सामान कुठून येतं हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, दांडी आणि तबलीला तुनाचं लाकूड वापरतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय हाती घेतला आणि त्यांच्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतलं जातं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

सांधा फोटोत बोटांआड किंवा पदराआड गेला असेल तर "भोपळ्याचा, उत्तरेकडच्या पद्धतीचा" एवढंच लिहून थांबावं.

५. गोव्यातले तंबोरे बहुतेक मिरजेचेच निघतात. हा अंदाज आधीच धरून चाललं तर?

मिरजेचे जास्त निघतात हे खरं, आणि त्याला कारणंही आहेत. १८८० च्या दशकात मुरगावहून कॅसलरॉकमार्गे लोंढ्याला जोडणारी रेल्वे सुरू झाली आणि लोंढ्याहून बेळगाव, मिरज एकाच वाटेवर आलं. तंबोऱ्यासारखं नाजूक, लांबोडकं वाद्य बैलगाडीनं घाट उतरवण्यापेक्षा रेल्वेनं आणणं केव्हाही बरं. शिवाय आपल्याकडच्या गायक-गायिकांची ये-जा त्याच टापूत होती. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघींचे गुरू अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. मंगेशीचे दीनानाथ पुढे सांगलीत राहिले. अब्दुल करीम खाँ तर मिरजेतच स्थायिक झाले आणि वाद्यदुरुस्तीत स्वतः वाकबगार होते.

तरीही हा अंदाज उत्तर म्हणून वापरू नये. तो फक्त बरोबरी फोडण्यासाठी: बांधणीवरून मिरज आणि कोलकाता दोन्ही शक्य वाटत असतील, तर गोव्यातल्या घरासाठी पारडं मिरजेकडे झुकवायला हरकत नाही. बांधणी स्पष्टपणे तंजावरची असेल तर रेल्वेनं काही बदलत नाही.

या इतिहासाचा कालनिश्चितीसाठी मात्र चांगला उपयोग होतो. १९५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी झाली आणि ही रेल्वे वाहतूक सीमेवर थांबली, ती मुक्तीपर्यंत. त्या वर्षांत घरात नवा मिरजेचा तंबोरा आला अशी आठवण कोणी सांगत असेल, तर तो कसा आला हे जरा खोदून विचारावं. बहुतेक वेळा खरेदीचं साल आधीचं किंवा नंतरचं निघतं.

६. पट्ट्या पांढऱ्या आहेत. हस्तिदंत असेल का?

असेलही, पण शक्यता वाटते त्यापेक्षा कमी. पांढऱ्या पट्टीसाठी हस्तिदंत, हाड, शिंग, सेल्युलॉइड आणि अलीकडे प्लॅस्टिक, असं सगळं वापरलं गेलंय. विसाव्या शतकातल्या तंबोऱ्यांवर सेल्युलॉइड भरपूर आढळतं.

जवळून काढलेल्या चांगल्या फोटोत फरक कळतो. हाडावर बारीक काळपट टिंबं किंवा छोट्या रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, आणि त्यांत वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असतो. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर, म्हणजे पट्टीच्या किंवा मण्याच्या टोकाला, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड पूर्ण एकसारखं असतं. कधी कधी हस्तिदंताचा भास आणायला त्यात समांतर रेघा घातलेल्या असतात, पण त्या पट्टीभर ठरावीक अंतरानं जातात आणि एकमेकींना छेदत नाहीत. जुनं सेल्युलॉइड पिवळं पडतं, आक्रसतं आणि जोडाच्या जागी फट सोडतं.

कृपा करून तापवलेली सुई टोचून परीक्षा करू नका. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. आणि खरोखर हस्तिदंत निघालं तर लक्षात असू द्या की वन्यजीव कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीनंतर भारतात त्याची खरेदी-विक्री बंद आहे. वाद्य विकायचा विचार असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

जुन्या कृष्णधवल फोटोवरून पट्टीचं सामान ठरवायच्या भानगडीत पडू नये. तिथे सगळंच पांढरं असतं.

७. फोटो कृष्णधवल आहे आणि तंबोरा काळाकुट्ट दिसतोय. म्हणजे गडद पॉलिश, म्हणजे कोलकाता?

ही चूक सगळ्यात जास्त होते. जुन्या काचेच्या प्लेट आणि जुनी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी असायची. निळा रंग तिच्यावर पांढरट उमटतो आणि लाल-नारिंगी काळा. लाल रंगही पकडणारी फिल्म १९३० नंतर हळूहळू रुळली. त्यामुळे मिरजेचा तांबूस तंबोरा अशा फोटोत डांबरासारखा काळा येतो.

फिल्म कुठली होती हे तपासायला आपल्याकडच्या फोटोंत एक हुकमी जागा असते: कपाळावरचं कुंकू. कुंकू कोळशासारखं काळं आणि ओठही गडद दिसत असतील, तर फिल्म लाल रंग न पकडणारी आहे. मग पॉलिशच्या रंगाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. कुंकू मध्यम करड्या रंगाचं आलं असेल तर गडद तंबोरा खरोखर गडद असण्याची शक्यता वाढते. विधवा स्त्रीचा किंवा पुरुषाचा फोटो असेल तर ओठ आणि गालिचातले लाल भाग बघावेत.

हातानं रंगवलेल्या फोटोत दिसतो तो रंग रंगवणाऱ्याचा. तो पुरावा धरू नये.

८. भोपळ्यावर मोर आहे, मणी हंसाचे आहेत. त्यावरून काही?

नाही. मोर, हंस, कमळ हे सगळीकडे आहेत. नक्षीत कुठला पक्षी आहे यापेक्षा तो कोरलाय, भरलाय की रंगवलाय हे महत्त्वाचं; ते प्रश्न ४ मध्ये आहे. तारा सूक्ष्म जुळवायचे मणी तर सुटे मिळतात आणि हरवले की दुसरे घालतात.

९. फोटोवरून तंबोऱ्याचा आकार मोजता येतो का? बायकी की मर्दानी, हे कळेल?

मोठा तंबोरा आणि लहान तंबुरी यांतला फरक कळतो. बायकी आणि मर्दानी यांतला बहुधा कळत नाही. मर्दानी तंबोऱ्यात मेरूपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण मीटरभर असते, बायकीत त्याहून कमी, आणि भोपळाही त्या मानानं लहान असतो. प्रमाण जवळपास तेच राहतं, त्यामुळे नुसत्या प्रमाणावरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून ज्याचा खरा आकार माहीत आहे असं काहीतरी वाद्याच्याच अंतरावर हवं. तार छेडणारा हात हे सगळ्यात चांगलं माप, कारण तो वाद्याला टेकलेलाच असतो. चेहरा मागे किंवा पुढे असू शकतो. चार बोटांच्या मुळाशी स्त्रीच्या तळव्याची रुंदी साडेसात-आठ सेंटीमीटर धरावी. या मोजमापात किती चूक होते ते पुढच्या उत्तरात प्रत्यक्षच दिसेल.

१०. एखादा फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवाल का?

म्हार्दोळजवळच्या एका घरातून आलेला फोटो घेऊ. पोस्टकार्डाएवढा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. नऊवारी नेसलेली बाई गालिच्यावर बसली आहे, मागे रंगवलेला पडदा, उजव्या खांद्याशी उभा तंबोरा. घरच्यांचा प्रश्न होता: "आजीचा तंबोरा कोलकात्याचा होता असं ऐकलंय, खरं का?"

आधी कुंकू पाहिलं. काळं कुळकुळीत, ओठही तसेच. तंबोरा काळा दिसत होता, पण त्या काळेपणाला आता काही अर्थ उरला नाही. कोलकात्याच्या बाजूनं असलेला एकमेव दिसता पुरावा तिथेच गळाला.

मग बांधणी. पाठ दिसत नव्हती. तबलीच्या डाव्या कडेबाहेर मात्र भोपळ्याची किनार दिसत होती, आणि ती वरच्या भागापेक्षा खाली जास्त रुंद होती. इतका बेडौलपणा कोरलेल्या लाकडात येत नाही. तबलीवरची चमक घोडीच्या डावीकडे एका वाकड्या पट्ट्यात जमली होती, म्हणजे तबली उचललेली. नादछिद्रं नव्हती. तंजावर बाद.

आकार: मेरूपासून घोडीपर्यंत फोटोत ६२ मिलिमीटर, तळव्याची रुंदी ५ मिलिमीटर. ६२ भागिले ५ म्हणजे १२.४, आणि तळवा साडेसात सेंटीमीटर धरला तर तार ९३ सेंटीमीटर. पण पुसट कडेवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतो. तळवा साडेचार मिलिमीटर धरला तर १०३ सेंटीमीटर येतात, साडेपाच धरला तर ८५. म्हणजे तंबोरा पूर्ण मापाचा आहे, लहान तंबुरी नव्हे, यापलीकडे बोलता येत नाही.

राहिला सांधा. तो पदराच्या काठाला लागून होता, पण निम्मा दिसत होता. तिथे एक पान होतं आणि त्याला सावली जवळजवळ नव्हती. प्रकाश डावीकडून येत होता, बाईच्या नाकाची सावली उजवीकडे स्पष्ट पडली होती, म्हणजे उठावाचं पान असतं तर त्यालाही सावली आली असती. तबलीच्या कडेनं दुहेरी पांढरी पट्टी होती आणि मोठं करून पाहिल्यावर तिच्यात बारीक गडद वेल दिसत होती.

निष्कर्ष असा कळवला: भोपळ्याचा, पूर्ण मापाचा तंबोरा, मिरजेच्या पद्धतीचा, बऱ्यापैकी खात्रीनं. कोलकात्याच्या बाजूनं फोटोत काही नाही. सांध्याचा झाकलेला भाग किंवा पाठ दाखवणारा दुसरा फोटो मिळाला तर पुन्हा बघू. फोटोच्या पुठ्ठ्यावर बेळगावच्या एका स्टुडिओचा उठाव शिक्का होता. त्याच्यामुळे वेगळाच प्रश्न उभा राहिला, तो पुढे.

११. फोटो स्टुडिओत काढलेला आहे. त्यातला तंबोरा आजीचाच होता हे कशावरून?

फोटोवरून बहुधा सांगता येणार नाही. स्टुडिओत खुर्ची, फुलदाणी, पुस्तक असायचं तसा कधी कधी तंबोराही असायचा. तेव्हा वाद्याची ओळख आणि वाद्याची मालकी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

काही गोष्टींवरून अंदाज बांधता येतो. तारा चारही आहेत का, की एखादी तुटून लोंबतेय? घोडीवर जवारीचे दोरे, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखाली सरकवलेले धागे, दिसतात का? गाणाऱ्याच्या तंबोऱ्याला ते असतात. दाखवायच्या वाद्याकडे कोणी एवढं लक्ष देत नाही. बोटं कुठे आहेत? रोज तंबोरा छेडणारीचं मधलं बोट पंचमाच्या तारेवर आणि तर्जनी बाकीच्या तारांसाठी तयार असते, आणि हात दांडीवर सैल टेकलेला असतो. फोटोसाठी हातात दिलेला तंबोरा लोक घट्ट पकडतात. त्याच स्टुडिओचा शिक्का असलेले नातेवाइकांचे इतर फोटो मागवून बघा. तीच पट्टी, तोच मणी दुसऱ्या घरातल्या फोटोत दिसला तर विषय संपला.

म्हार्दोळच्या फोटोत चार तारा पूर्ण होत्या आणि बोटं बरोबर जागी होती. बाई गाणारी होती एवढं त्यातून नक्की झालं. तंबोरा तिचा होता का, हे अजून उघडं आहे.

१२. तंबोरा घरात आहे. फोटो कसे काढून पाठवू?

पाच फोटो पुरतात: समोरून अख्खा, पाठीकडून अख्खा, सांध्याचा जवळून, घोडीचा बाजूनं, आणि खुंट्यांकडचा वरचा भाग. सांध्याच्या आणि घोडीच्या फोटोत शिवणाची टेप ठेवा. फ्लॅश बंद. खिडकीचा प्रकाश एका बाजूनं तिरपा येऊ द्या, म्हणजे कोरीव काम आणि भरलेलं काम वेगळं दिसेल. अख्ख्या वाद्याचा फोटो दोन-अडीच मीटर लांब उभं राहून काढा. जवळून काढला तर भोपळा आहे त्याहून मोठा दिसतो आणि प्रमाण फसतं.

पावसाळ्यात काढला असेल तर तसं लिहा. आपल्या दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर दुधाळ डाग येतात आणि फोटोत ते पांढऱ्या सजावटीसारखे दिसतात. फोटोसाठी म्हणून ते घासून काढू नका, आणि भोपळ्याला तेल तर अजिबात लावू नका.

१३. आतमध्ये मुंबईच्या दुकानाची चिठ्ठी आहे. म्हणजे मुंबईत बनलेला?

चिठ्ठी विकणाऱ्याचीही असते. मिरजेचा माल मुंबई, पुणे, बेळगावच्या दुकानांतून विकला जायचा आणि दुकानदार आपली चिठ्ठी लावायचा. दुरुस्ती करणाराही लावतो. चिठ्ठीवरचं नाव लिहून ठेवा, पण बांधणी जे सांगते त्याच्यावर चिठ्ठीनं मात करू देऊ नका. चिठ्ठीचा खरा उपयोग काळासाठी: "बॉम्बे" हे स्पेलिंग, फोन नंबरातल्या आकड्यांची संख्या, पिनकोड आहे की नाही. पिनकोड १९७२ मध्ये सुरू झाले, म्हणजे पिनकोड असलेली चिठ्ठी त्यानंतरची. तंबोरा त्याच्या कितीही आधीचा असू शकतो.

१४. पट्ट्या मिरजेच्या वाटतात, पण सांध्यावरची पानं चांगली उठावाची, कोलकात्यासारखी आहेत. आता?

दोन शक्यता. एक, मिरजेच्या कारागिरानं मागणीप्रमाणे कोलकात्याच्या धाटणीचं काम केलं. हे होतं, आणि उलटंही होतं. दुसरी, कोलकात्याचं वाद्य मिरजेत दुरुस्तीला गेलं आणि तिथे नव्या पट्ट्या लागल्या. फोडलेला भोपळा, बसलेली तबली, निघालेल्या पट्ट्या, सगळं बदलता येतं, आणि गोव्यातला तंबोरा दुरुस्तीला बहुधा मिरजेलाच जायचा.

दुरुस्ती असेल तर कुठेतरी विसंगती राहते. पट्टीखाली जुन्या, जास्त रुंद खाचेची रेघ दिसते. तबलीचा तुकतुकीतपणा दांडीपेक्षा वेगळा असतो. चार खुंट्यांपैकी दोन वेगळ्या घडणीच्या असतात. पट्टी पानाच्या टोकाला जाऊन अर्धवट कापली जाते, कारण पान तिथे आधीपासून होतं. मूळच्याच कामात पट्टी पानाला वळसा घालते किंवा पानापाशी नीट संपते. मला या कापलेल्या टोकाचा पुरावा सगळ्यात भरवशाचा वाटतो. तसं काही सापडलं नाही तर "मिश्र लक्षणं" असंच लिहावं. ओढूनताणून एक गाव चिकटवू नये.

१५. तंबोऱ्यासारखंच आहे, पण उभ्यानं गळ्यात अडकवलंय.

ती बहुधा भजनी वीणा. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या अखंड भजनात जी हातातून हातात जाते, ती. भोपळा लहान, दांडी आखूड, खांद्यावरून घ्यायला पट्टा. प्रश्न २ आणि ४ मधल्या खुणा तिलाही लागू पडतात. फक्त ती सतत हाताळली जात असल्यामुळे पॉलिश आणि पट्ट्या नव्या असण्याची शक्यता फार जास्त, म्हणून नक्षीला तिथे आणखी कमी किंमत द्यावी.

१६. पेराच्या आकाराचं, चपट्या पाठीचं वाद्य आहे आणि वरच्या टोकाला पंख्यासारखी धातूची रचना. आजोबा मडगावला वाजवायचे.

हा तंबोरा नव्हे, पोर्तुगीज गिटार. मेंडोलिन समजून पुष्कळजण पाठवतात. तारा मोजा: मेंडोलिनला आठ, पोर्तुगीज गिटारीला बारा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. पंख्यासारखे पसरलेले स्क्रू ही पोर्तुगीज गिटारीची पक्की खूण.

पुढचा प्रश्न लिस्बनची की कोइंब्राची. शेंडा बघा. लिस्बनच्या धाटणीत तो व्हायोलिनसारखा गुंडाळीचा, कोइंब्राच्या धाटणीत थेंबाच्या आकाराचा. शेंडा तुटलेला असेल तर तारेची लांबी मोजा. लिस्बनची साधारण ४४ सेंटीमीटर, कोइंब्राची ४७. हा तीन सेंटीमीटरचा फरक फोटोवरून धरता येत नाही, हे प्रश्न १० मधल्या हिशेबावरून दिसेलच. त्यामुळे गिटार घरात असेल तर टेप लावून, वरच्या हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये कळवा.